क्वीन घेतली, पण कव्हर करताना स्ट्रायकरच खड्ड्यात गेला. आता काय काय परत ठेवायचं?

मीरा_अंबाजोगाई

नमस्कार मंडळी. सुट्टीसाठी नणंदेची लेकरं आलीत आमच्याकडं. दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नाही, म्हणून माळ्यावरचा कॅरम खाली काढला. आता रोज बारा वाजले की खेळायलेत आणि रोज एक वाजला की भांडायलेत.

कालचं भांडण सांगते. भाची पांढऱ्या गोट्यांवर, माझा ओम काळ्यांवर. भाचीच्या पाच पांढऱ्या गेल्या होत्या, चार बोर्डावर होत्या. ओमच्या तीन काळ्या उरल्या होत्या. भाचीनं क्वीन घेतली, अगदी झकास कट मारून. मग कव्हरसाठी कोपऱ्याजवळची पांढरी मारायला गेली. पांढरी खड्ड्याच्या ओठावर लागून परत आली आणि मागून स्ट्रायकर मात्र गेला आत.

आप्पा, म्हणजे माझे सासरे, म्हणतात की क्वीन परत मध्ये ठेवली, तेवढी शिक्षा पुरे झाली, लेकराला वरून फाईन कशाला? ओम म्हणतो क्वीन पण परत, एक गोटी पण परत आणि पाळी पण माझी. शेजारच्या मावशी खिडकीतून म्हणाल्या की क्वीन पोरीकडंच राहू द्या, पुढच्या पाळीला कव्हर करील. खरं काय आहे? आम्ही कुणीच कधी नियमानं खेळलेलो नाही. नव्यानं शिकणाऱ्याला समजेल असं सांगा.

गणूभाऊ_जालना

ताई, सोपं आहे. स्ट्रायकर गेला की फाईन पडतोच, त्यात आप्पांची दया चालत नाही. क्वीन पण परत. ओमचं बरोबर आहे. आणि पोरीचं नुकसान लई झालं, कारण क्वीनचे ५० पॉइंट असतात. काळीचे १०, पांढरीचे २०. शिवाय एक लक्षात ठेवा, अंगठ्यानं मारला तर फाऊल. आजकालची पोरं सर्रास अंगठ्यानं मारतात.

गोदाकाठ_नांदेड

गणूभाऊंचं अर्धं बरोबर आहे. ५०-२०-१० हा घरातला पॉइंटचा डाव झाला. त्यात कुणी कुठलीही सोंगटी घ्यायची आणि शेवटी बेरीज करायची. मीराताईंकडं एकजण पांढऱ्यांवर आणि एकजण काळ्यांवर खेळतोय, म्हणजे तो डाव नव्हे. हा खरा कॅरम. यात प्रत्येक सोंगटी १ गुणाची आणि क्वीन ३ गुणांची. हे दोन डाव एकमेकांत मिसळले की निम्मी भांडणं तिथंच सुरू होतात.

मी बँकेत होतो तेव्हा आमच्या आंतरशाखा स्पर्धांत पंच म्हणून बसायचो. आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघ १९८८ साली चेन्नईत स्थापन झाला, त्यांचे नियम आम्ही धरायचो. त्यातलं घरी लागेल तेवढंच सांगतो.

आधी क्वीनचं. क्वीन घेण्याआधी तुमची निदान एक सोंगटी खड्ड्यात गेलेली पाहिजे. भाचीच्या पाच गेल्या होत्या, तेव्हा तो प्रश्न नाही. क्वीन गेल्यावर लगेच पुढच्या स्ट्रोकला स्वतःची एक सोंगटी घालायची, हेच कव्हर. पुढच्या पाळीला नाही, लगेच. म्हणून मावशींचं म्हणणं बसत नाही. क्वीन कुणाच्या नावावर उधार ठेवत नाहीत.

कव्हर झालं नाही तर क्वीन बोर्डाच्या मधल्या छोट्या वर्तुळात परत. ती ठेवायची समोरच्या खेळाडूनं. त्या वर्तुळावर आधीच दुसरी सोंगटी असेल तर वर्तुळ जेवढं झाकता येईल तेवढं झाकून ठेवायची.

आता स्ट्रायकर. एकटा स्ट्रायकर खड्ड्यात गेला की तुमची आधी गेलेली एक सोंगटी दंड म्हणून बाहेर येते आणि पाळी जाते. हा दंड स्ट्रायकर पडल्याचा आहे. क्वीन परत गेली ती कव्हर न झाल्यामुळं. एका स्ट्रोकमध्ये दोन गोष्टी घडल्या, म्हणून दोन्हींचा हिशोब वेगळा. आप्पा दोन्ही एकत्र धरतायत, तिथंच चुकतंय. क्वीन परत जाणं ही शिक्षा नाहीच मुळी. ती तिची झालेलीच नव्हती.

म्हणजे ओमचं सगळं बरोबर. क्वीन मध्ये, एक पांढरी बाहेर, पाळी ओमची. पांढरी ओमनं ठेवायची, मोठ्या वर्तुळाच्या आत कुठंही, पण पूर्ण आत. वर्तुळाच्या रेषेवर अर्धी लटकवायची नाही.

मीरा_अंबाजोगाई

मोठ्या वर्तुळाच्या आत कुठंही? मग ओमनं ती क्वीनच्या अगदी पुढं ठेवली, भाचीच्या बाजूनं. भाची म्हणते ही लबाडी आहे. मी म्हटलं बोर्डावरनं उठा दोघं.

गोदाकाठ_नांदेड

लबाडी नाही, तो ओमचा हक्क आहे. दंडाची सोंगटी ठेवणं हाच दंडाचा खरा जाच. एक सोंगटी परत येते हे कमीच, ती तुम्हाला सर्वात अडचणीच्या जागी येते हे जास्त. मोठं वर्तुळ १७ सेंटिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे जागा भरपूर मिळते. जाणता खेळाडू आधी बघतो की आपल्याला पुढं काय मारायचंय. मग दंडाची सोंगटी अशी ठेवतो की आपली वाट मोकळी राहील आणि समोरच्याची वाट त्याच्याच सोंगटीनं बंद होईल. ओमला हे कुणी शिकवलं?

मीरा_अंबाजोगाई

कुणी नाही हो. आप्पांशीच खेळून खेळून.

उदगीरचा_पप्पू

आप्पा दयाळू वगैरे काही नाहीत म्हणजे 😄

वैशाली_परभणी

आमचं जरा वेगळं आहे. आम्ही चौघी खेळतो, मी आणि जाऊबाई एका बाजूला. परवा मी क्वीन घेतली, कव्हर चुकलं. जाऊबाईंचा हात लई बसलाय. त्या म्हणाल्या की आपण एका टीममध्ये आहोत, मी करते कव्हर माझ्या पाळीला. सासूबाईंनी क्वीन उचलून मध्ये ठेवून दिली. त्यावरनं जेवणाला उशीर झाला. जोडीत खेळताना जोडीदार कव्हर करू शकत नाही का?

गोदाकाठ_नांदेड

नाही, वैशालीताई. जोडीदार समोर बसतो आणि पाळी एकानंतर एक फिरते. तुमचा स्ट्रोक फसला की मधे विरुद्ध बाजूची बाई येते, मग जाऊबाई. कव्हर तर त्याच पाळीत, लगेच पुढच्या स्ट्रोकला व्हायला हवं. जाऊबाईंचा हात कितीही बसलेला असो, त्यांची पाळी येईपर्यंत क्वीन मध्ये गेलेली असते. सासूबाई बरोबर होत्या.

आणि एक. स्पर्धेत जोडीदारानं "ती मार, तिकडून मार" असं सांगायचं नसतं. घरी ते कुणी पाळणार नाही, मीही सांगणार नाही.

वैशाली_परभणी

सासूबाईंना हा धागा दाखवणार नाही.

गणूभाऊ_जालना

गोदाकाठ सर, अंगठ्याचं काय ते सांगितलं नाही. आमच्या गल्लीत अंगठा म्हणजे फाऊल, आमचे वडील पण तसंच खेळायचे.

गोदाकाठ_नांदेड

गणूभाऊ, महासंघाच्या नियमात अंगठ्यानं मारायला मुभा आहे. नामांकित खेळाडू बेसलाइनजवळची किंवा तिच्या मागची सोंगटी अंगठ्यानं किंवा कात्रीच्या बोटांनी मारतात. तुमच्या गल्लीत वेगळं ठरलेलं असेल तर खेळा तसं, पण खेळ सुरू व्हायच्या आधी बोलून घ्या.

फाऊल बघायचा तर अंगठा बघू नका, ढकलणं बघा. स्ट्रायकर टिचकीनं मारायचा असतो, लोटायचा नसतो. घरी निम्मी लेकरं लोटतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ओळखायचं कसं? कान लावा. टिचकी मारली की नख किंवा बोट स्ट्रायकरला लागल्याचा बारीक टक असा आवाज येतो आणि बोट तिथंच थांबतं. लोटलं तर आवाज येत नाही आणि बोट स्ट्रायकरबरोबर दोन-तीन इंच पुढं जातं. लहान लेकरं विशेषतः हळू स्ट्रोकला लोटतात, कारण हळू टिचकी मारणं अवघड असतं. सोंगटी अगदी खड्ड्याच्या तोंडाशी असली की सगळ्यांचाच हात लोटायला जातो.

उदगीरचा_पप्पू

सर, बेसलाइनचं सांगा. माझा चुलतभाऊ स्ट्रायकर कुठंही ठेवतो आणि म्हणतो लागलाय लागलाय दोन्हीला.

गोदाकाठ_नांदेड

बेसलाइन म्हणजे दोन समांतर रेषा, एक जाड आणि एक बारीक. स्ट्रायकर दोन्हींना लागलाच पाहिजे. ही काही बारीक नजरेची गोष्ट नाही. त्या दोन रेषांमधलं अंतर साधारण ३.१८ सेंटिमीटर, म्हणजे एका सोंगटीएवढं. स्ट्रायकर त्याहून मोठा, जास्तीत जास्त ४.१३ सेंटिमीटर. मध्यभागी नीट ठेवला तर दोन्हीकडं जवळजवळ अर्धा सेंटिमीटर बाहेर येतो. भाऊ एका रेषेवरून खाली घसरवतोय म्हणजे तो मुद्दाम पुढं किंवा मागं घेतोय, कोन मिळावा म्हणून.

बघायचं ते वरून, सरळ डोळा खाली करून. आपल्या जागेवर बसून तिरकं बघितलं तर प्रत्येकाला प्रत्येकाचा स्ट्रायकर चुकलेला दिसतो. त्यामुळं जे बघायचं ते त्यानं मारायच्या आधी बघा. मारल्यावर त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

बेसलाइनच्या दोन्ही टोकांना लाल गोल असतो. तिथं नियम सोपा आणि कडक आहे. एक तर तो गोल स्ट्रायकरनं पूर्ण झाकायचा, नाही तर त्याला अजिबात शिवायचं नाही. अर्धा गोल कापून ठेवणं हा घरगुती खेळातला सगळ्यात जास्त होणारा फाऊल. कोपऱ्याकडं जाणाऱ्या बाणालाही स्ट्रायकर लागू द्यायचा नाही.

बोर्डावर तुमच्या गोलाला चिकटून कुणाची सोंगटी येऊन थांबली असेल तर तिथं स्ट्रायकर ठेवताना ती हलता कामा नये. जागा होत नसेल तर दुसरीकडून मारा.

शिवार_बीड

आमच्या बोर्डाची मधली बाजू खाली बसलीय, गोट्या आपोआप मध्ये गोळा होतात. बोरिक पावडर किती टाकावी?

गोदाकाठ_नांदेड

शिवार, पावडरीनं बसलेला बोर्ड सरळ होत नाही. एका कडेवरून दुसऱ्या कडेपर्यंत दोरा ताणून धरा, मध्ये फट दिसली तर बोर्डच गेला. पावडर चिमूटभर पुरते, बोर्ड पांढरा दिसायला लागला तर पुसून टाका. लेकरांच्या हाताला लागलेली असताना त्यांना फरसाण खाऊ देऊ नका, आधी हात धुवा म्हणावं.

मीरा_अंबाजोगाई

सर, बेसलाइनचा नियम आज लागू केला, भाची चार वेळा गोल कापून मारताना सापडली आणि आता ती म्हणते आपण सापशिडी खेळू.

पण एक शंका राहिली. आप्पांनी विचारलं की समजा कव्हरच्या वेळी पांढरी आत गेली असती आणि तिच्या मागं स्ट्रायकर पण गेला असता, तर? पांढरी गेलीच म्हणजे कव्हर झालं, असं त्यांचं म्हणणं.

गोदाकाठ_नांदेड

हा खरा अवघड प्रश्न आहे, आप्पांना नमस्कार सांगा.

आधी साधी बाजू. क्वीन बाजूला ठेवा. नेहमीच्या खेळात एकटा स्ट्रायकर गेला तर एक सोंगटी बाहेर आणि पाळी जाते. आपली सोंगटी आणि स्ट्रायकर दोन्ही गेले तर ती सोंगटी बाहेर, वरून दंडाची आणखी एक बाहेर, म्हणजे दोन बाहेर, पण पाळी चालू राहते. हे पुष्कळांना उलटं वाटतं, पण आहे असंच. सोंगटी घातली याचा मान राहतो, पण फायदा काढून घेतला जातो.

आता कव्हरच्या वेळी तेच झालं तर ती सोंगटी बाहेर आली, म्हणजे कव्हर झालं नाही, एवढं निश्चित. आप्पांचं "गेलीच म्हणजे झालं" चालणार नाही, कारण जी सोंगटी परत बोर्डावर येते ती कव्हर कशी होईल? पाळी मात्र चालू आहे. आमच्याकडं अशा वेळी क्वीन बाजूलाच ठेवून त्याच खेळाडूला पुन्हा कव्हर करू द्यायचे.

कासारगल्ली_लातूर

सर, इथं मी जरा वेगळं बोलतो. आमच्या कॉलेजच्या स्पर्धेत पंचांनी त्याच प्रसंगी क्वीन मध्ये ठेवायला लावली होती आणि मग त्याच खेळाडूला खेळू दिलं. त्यांचं म्हणणं, क्वीननंतरचा स्ट्रोक कव्हरचा होता, तो झाला नाही, म्हणजे क्वीन गेली. पाळी राहिली ती वेगळी गोष्ट.

गोदाकाठ_नांदेड

त्या पंचांच्या म्हणण्यात दम आहे, मी नाकारत नाही. माझ्या बाजूनं एवढंच की पाळी तुटली नाही तर कव्हरची संधी पण तुटू नये. तुमच्याकडं जे ठरेल ते बोर्ड मांडायच्या आधी ठरवा. मी मात्र माझ्या घरी पुन्हा कव्हर करू देतो.

उदगीरचा_पप्पू

म्हणजे सरांच्या घरी खेळायला यावं.

वैशाली_परभणी

अजून एक. क्वीन आणि आपली गोटी एकाच फटक्यात दोन्ही गेल्या, पण आधी गोटी गेली आणि नंतर क्वीन. सासूबाई म्हणाल्या क्वीन नंतर गेली म्हणजे कव्हर करावं लागेल अजून.

गोदाकाठ_नांदेड

एकाच स्ट्रोकमध्ये दोन्ही गेल्या की कव्हर झालं. आधी कोण गेलं ते बघत नाहीत. दोन खड्ड्यांत दोन वेगवेगळ्या गेल्या असतील तर डोळ्यांनी ठरवणार तरी कसं?

आणि याच्या उलट. कव्हरच्या स्ट्रोकला तुमची नाही, समोरच्याची सोंगटी गेली, तर कव्हर नाही. क्वीन परत, पाळी गेली, आणि समोरच्याची ती सोंगटी आतच राहते. म्हणजे तुम्ही त्याला फुकट एक घालून दिली.

मीरा_अंबाजोगाई

आता सर, त्या दिवशीचा बोर्ड शेवटी कसा संपला ते सांगते, त्याचा हिशोब करून द्या. पांढरी परत ठेवल्यावर पांढऱ्या पाच झाल्या. ओमनं पुढच्या पाळीला क्वीन घेतली, एका काळीनं कव्हर केली आणि उरलेल्या दोन काळ्या पण त्याच पाळीत घातल्या. भाचीला हात लावायची संधीच मिळाली नाही. ओमला किती गुण? तो म्हणतो १२.

गणूभाऊ_जालना

पाच पांढऱ्या म्हणजे १०० आणि क्वीन ५०.

उदगीरचा_पप्पू

गणूभाऊ, तुम्ही जालन्यातच खेळा.

गोदाकाठ_नांदेड

ओमला ८. समोरच्याच्या बोर्डावर राहिलेल्या पाच सोंगट्यांचे ५, आणि क्वीन त्यानं स्वतः घेतली, कव्हर केली, बोर्डही त्यानं जिंकला, म्हणून ३. ओम बहुधा सगळ्या नऊ पांढऱ्या मोजतोय. १२ हा एका बोर्डातला कमाल आकडा, त्याला नऊच्या नऊ सोंगट्या समोरच्याच्या बोर्डावर राहाव्या लागतात.

आता याच बोर्डावर त्या एका स्ट्रायकरनं काय केलं ते बघा, म्हणजे लेकरांना कळेल. समजा भाचीचा स्ट्रायकर पडला नसता, नुसतं कव्हर चुकलं असतं. क्वीन मध्ये गेली असती, पाळी ओमची, पण पांढऱ्या चारच राहिल्या असत्या. ओमनं तसंच सगळं संपवलं असतं तर त्याला ७. म्हणजे स्ट्रायकरचा दंड आकड्यात एकच गुणाचा. पण ओमनं ती पांढरी क्वीनपुढं ठेवली होती ना? तिनं भाचीला किती अडवलं ते आकड्यात दिसत नाही.

आणि समजा भाचीनं कव्हर केलं असतं आणि तरी शेवटी ओम आधी संपला असता. तेव्हा पांढऱ्या तीन राहिल्या असत्या, ओमला ३. क्वीनचे गुण कुणालाच नाहीत. क्वीन भाचीनं घेतली, पण बोर्ड हरली, म्हणून तिला मिळत नाहीत. ओम जिंकला, पण क्वीन त्याची नाही. म्हणून क्वीन लवकर घेऊन टाकण्यात दोन फायदे असतात. ती जिंकलात तर ३ गुण देते आणि हरलात तर समोरच्याला ते ३ मिळू देत नाही.

कासारगल्ली_लातूर

यात एक भर. गेम २५ गुणांचा किंवा ८ बोर्डांचा, जे आधी होईल ते. आणि २२ गुण झाले की क्वीनचे ३ गुण मिळत नाहीत. २१ पर्यंत मिळतात. ओमचे आधी २२ असते तर त्या बोर्डाचे त्याला ५ च मिळाले असते, तरी गेम त्याचाच झाला असता.

मीरा_अंबाजोगाई

२२ झाल्यावर क्वीन कशाला घ्यायची मग?

गोदाकाठ_नांदेड

घ्यावीच लागते. क्वीन बोर्डावर असताना तुमची शेवटची सोंगटी गेली तर बोर्ड तुम्ही हरलात. आपली एकच उरली असेल तर आधी क्वीन, मग ती सोंगटी. किंवा दोन्ही एका स्ट्रोकमध्ये. घरी नऊ-दहा वर्षांची लेकरं इथंच हमखास फसतात. दोन सोंगट्या उरलेल्या असतात, पहिली सोपी दिसते म्हणून मारतात, मग शेवटची पण सहज पडते, आणि क्वीन मध्येच बसलेली असते. शेवटच्या दोन सोंगट्या उरल्या की हात आखडता घ्या आणि आधी क्वीन बघा.

समोरच्याची शेवटची सोंगटी तुमच्या हातून गेली आणि क्वीन अजून बोर्डावर असली तरी बोर्ड तुमचाच गेला. म्हणून शेवटी शेवटी जोरात मारायचं नाही. रिबाऊंड होऊन कुठली जाईल सांगता येत नाही.

शिवार_बीड

आणि गोटी उडून बोर्डाच्या बाहेर गेली तर? आमच्याकडं पलंगाखाली जाते.

गोदाकाठ_नांदेड

पलंगाखालून काढा आणि मधल्या वर्तुळात ठेवा. त्यात दंड नाही.

मीरा_अंबाजोगाई

आज संध्याकाळी आप्पांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, स्ट्रायकर पडला की दंड, क्वीन नाही झाली की मध्ये, दोन्ही झाले की दोन्ही. स्वतःचा स्ट्रायकर पडल्यावर मात्र त्यांनी सोंगटी ओमला ठेवू दिली नाही, स्वतःच ठेवली, एकदम खड्ड्याच्या तोंडासमोर.

गोदाकाठ_नांदेड

आप्पांना सांगा, एक तर ती मोठ्या वर्तुळाबाहेर गेली आणि दुसरं म्हणजे ठेवायचा हक्क ओमचा. परत ठेवायला लावा.

मीरा_अंबाजोगाई

तुम्ही सांगा त्यांना. 🙏

उदगीरचा_पप्पू

सर, एक शेवटचं. पहिल्याच ब्रेकला माझी एक पांढरी आणि क्वीन दोन्ही एकदम गेल्या. माझी आधी एकही गेलेली नव्हती. कव्हर धरायचं की नाही? चुलतभाऊ म्हणतो एक आधी गेलेली पाहिजे, म्हणून क्वीन परत.

कासारगल्ली_लातूर

धरायचं. एकाच स्ट्रोकला गेल्या की कव्हर, वर सरांनीच सांगितलंय.

गणूभाऊ_जालना

नाही धरायचं. सरांनीच वर सांगितलंय की आधी एक गेलेली पाहिजे.

उदगीरचा_पप्पू

दोघंही सरांचंच नाव घेताय. सर?

गोदाकाठ_नांदेड

पप्पू, ब्रेकला दोन्ही गेल्या म्हणजे तुझा हात चांगला आहे. नियमाचं पुस्तक माझ्याकडं होतं, पुतण्या घेऊन गेलाय हिंगोलीला. तो आला की नेमकं काय छापलंय ते बघून इथं लिहितो. तोवर भावाशी नाणं उडवून ठरव.

उदगीरचा_पप्पू

नाणं उडवलं. तो जिंकला. पुतण्या कधी येतोय?